बाहेरची फट

नार्सिसा तोमालाच्या हनुवटीला सहा टाके होते. तीनचाकी मोटोटॅक्सी उलटली आणि ती सरळ हनुवटीवर पडली. ग्वायाकिलच्या सरकारी इस्पितळात अशी माणसं रोज येत, तरी इस्मेनियाने तिला घाईने तपासलं नाही.

"दात मिट. पुढचे एकमेकांना लागतात?"

"नाही हो, डॉक्टरताई. मागचे टेकतात, पुढे फट राहते. आणि हा ओठ माझा नाहीच असं वाटतंय."

जिभेखाली काळंनिळं रक्त साकळलं होतं. खालच्या दोन दातांमध्ये पायरी पडली होती. दोन्ही कानांपुढे बोट लावताच नार्सिसा कळवळली. एक्स-रे पाहण्याआधीच इस्मेनियाने ओळखलं, हाड हनुवटीजवळ तुटलंय आणि वर जबड्याचे दोन्ही सांधेही मोडलेत.

"शनिवारी खेकडे खाता येतील का?"

"सहा आठवडे नाव काढू नकोस. सूप पी."

"सूप! त्यापेक्षा मेलेलं बरं," नार्सिसा दातांतल्या दातांत म्हणाली.

शस्त्रक्रिया फाब्रिसिओ किमी करणार होता. अर्थात तोच. इस्मेनियाचे बाबा आणि फाब्रिसिओचे गुरू, डॉक्टर आन्सेल्मो व्हियाओ, जाऊन सात आठवडे झाले होते. आजारपणात त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं ते इस्मेनियाने. पण दात बांधायच्या तारा पिळण्याची आपली जुनी पक्कड त्यांनी दिली फाब्रिसिओला. "त्याचा हात माझ्यासारखा आहे," एवढंच म्हणाले होते. लेकीच्या हाताबद्दल काहीच नाही.

नार्सिसाला नाकातून नळी घालून भूल दिली. फाब्रिसिओने आधी वरचे-खालचे दात तारांनी नीट एकमेकांवर बसवून बांधले. हाड जुळवायचं ते दातांच्या हिशेबाने, हा बाबांचा पहिला धडा. मग ओठाच्या आतून चीर घेऊन त्याने तुटलेली जागा उघडली. बारीक पट्ट्या दोन लागणार होत्या, एक दातांच्या मुळांखाली आणि दुसरी हाडाच्या कडेशी. पुढचा भाग चावताना पिळला जातो, तिथे एकीने भागत नाही.

"इस्मेनिया, मागून दाब गं."

तिने दोन्ही तळवे जबड्याच्या मागच्या कोनांवर ठेवले. काम साधं होतं. दोन्ही सांधे मोडले की जबडा मागून फाकतो. पुढून फट मिटलेली दिसली तरी आतली, जिभेकडची बाजू उघडी राहते. दोन्हीकडून आत दाबून धरलं तरच ती मिटते आणि तेव्हा बाहेरची रेघ केसभर उघडते. बाहेरून फार सुंदर दिसलं तर आत शंका घ्यावी. हे बाबांनी तिला एकदा जेवताना, पाव मोडून दाखवलं होतं.

तळवे जागेवर होते. दाब नव्हता.

दाब किती हे तिच्याखेरीज कोणालाच कळणार नव्हतं. रुग्णाला कळेल पुढे, चेहरा रुंद होईल आणि दाढा कडेवर टेकतील तेव्हा. आणि नाव खराब होईल फाब्रिसिओचं.

पहिला स्क्रू बसला. फटीच्या पलीकडे दुसरा.

"बघ कशी रेघ मिटली! सर असते तर खूश झाले असते."

"मला तर सारखं सांगायचे ते," परिचारिका आसुसेना म्हणाली, "तुमच्या हाताचं कौतुक ऐकून कान किटले होते माझे, डॉक्टर."

फाब्रिसिओ हसला. इस्मेनियाची नजर खाली गेली. नार्सिसाचा बधिर ओठ आकड्याने बाजूला ओढलेला होता, आणि त्या ओठाखालचं हाड या दोघांच्या कौतुकाशी काही देणंघेणं नसलेलं, चुकीच्या जागी बांधलं जात होतं.

"काढ ते," ती म्हणाली.

"काय?"

"स्क्रू काढ. आतली बाजू उघडी आहे. मी दाबलंच नाही."

"हात तर तुझे तिथेच आहेत."

"हात आहेत. दाबलं नाही."

आसुसेनाने खाली मान घालून उपकरणांची मांडणी उगाच सारखी केली.

"का?" फाब्रिसिओने विचारलं.

"जळते तुझ्यावर. आता काढ."

त्याने दोन्ही स्क्रू काढले. इस्मेनियाने मग दाबलं, पूर्ण ताकदीने, मनगटं दुखेपर्यंत. बाहेरची रेघ केसभर उघडली. "अशीच राहू दे, म्हणजे आतली मिटली," ती म्हणाली. त्याने पट्टी थोडी जास्त वाकवून घेतली, नवी भोकं पाडली आणि पहिल्यापेक्षा सावकाश स्क्रू बसवले. दुसरी पट्टीही लागली. तारा सोडून जबडा हाताने मिटवून पाहिला, तेव्हा दाढ दाढेवर आणि पुढचे दातही जागेवर आले. सांध्यांना पुढचे दोन आठवडे रबरांनी वळण लावायचं होतं.

हातमोजे काढताना फाब्रिसिओ म्हणाला, "सरांनी मला हे बाहेरच्या रेघेचं कधीच सांगितलं नव्हतं."

तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर.

"यापुढे मी मदतीला दुसऱ्या कोणाला घेईन," तो पुढे म्हणाला.

"घे."

"आणि कागदावर लिहिणार आहेस का हे? नको लिहूस. नार्सिसा ठीक आहे."

इस्मेनियाने शस्त्रक्रियेचा कागद पुढे ओढला. 'मदतनीसाने दाब न दिल्याने पहिली जुळणी चुकली. स्क्रू काढून पुन्हा बसवले,' असं लिहून तिने मदतनीसाच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं, व्हियाओसकट.