झाकलेली अक्षरं

नांदगावात फ्लेक्सचं मशीन आलं आणि लवू पेंटरचा ब्रश सुकला. एके काळी हायवेवरच्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. आता तो काजूच्या कारखान्यात जातो. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, मग मुलगी गौरजा चित्रकलेला जाते म्हटल्यावर तो काय म्हणणार?

"नर्सिंग कर," एवढंच तो महिनाभर म्हणत होता.

कला महाविद्यालयाच्या सीईटीचा, म्हणजे प्रवेशपरीक्षेचा, फॉर्म भरायची मुदत उद्या संपणार, म्हणून चित्रकलेच्या किशोरीबाई स्वतः घरी आल्या.

"बाई, नोकरी टिकतली काय, तां सांगा," लवू म्हणाला.

बाई खोटं बोलल्या नाहीत. "खात्री नाही. अ‍ॅनिमेशनमध्ये काम बरेचदा प्रोजेक्टपुरतं असतं. आता एआयमुळे नवख्यांची साधी कामंही घटलीत. पण उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी असली तर जाहिरात, पॅकेजिंग, पुस्तकं, मोबाइल अ‍ॅपची रचना, अशी आणखी दारं असतात. एक बंद झालं की दुसरं ठोठावता येतं."

"माझां एकच दार होतां," लवू म्हणाला. मग गौरजाकडे बघून हसला. "आणि ह्यां मोबायलात बघून काढता. थंय परीक्षेत कोण मोबायल देतलो?"

"म्हणूनच परीक्षेत स्मरणचित्र असतं," बाई म्हणाल्या. "गौरजा, विषय घे, बाजाराचा दिवस. मोबाइल बाजूला ठेव."

गौरजा खाली मान घालून काढत राहिली. चहा झाला, बाईंचा पेला रिकामा झाला. मग तिनं कागद वडलांपुढे ठेवला.

बाजार होता, माशांच्या टोपल्या होत्या, छत्र्या होत्या. मधोमध एक माणूस शिडीवर चढून किराणा दुकानाच्या रंगवलेल्या पाटीवर फ्लेक्स ठोकत होता. निम्मी अक्षरं अजून उघडी होती. माणसाचं तोंड दिसत नव्हतं, पण ते खांदे आपलेच, हे लवूनं ओळखलं. ती पाटीही त्यानंच रंगवलेली. तेव्हा फ्लेक्सवाल्यानं ठोकायची मजुरी दिली होती आणि घरात तांदूळ नव्हते. शिडी धरायला त्यानं छोट्या गौरजाला नेलं होतं. पोर काय समजणार, असं त्याला वाटलं होतं.

इतकी वर्षं तिला हे माहीत होतं, आणि आपण तिला धोका समजावत बसलो होतो.

"तुका सगळा ठावक आसा," तो हळू म्हणाला, "तरी जातलंस?"

"होय."

"भय वाटना नाय?"

"वाटता, बाबा," गौरजा म्हणाली. "तुमकाय वाटला आसतला. तरी तुमी शिडयेर चढलास."

लवूनं त्या उघड्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग बाईंना म्हणाला, "फॉर्म आजच भरा."