फक्त पाहण्याची परवानगी

आईचा दवाखान्याचा एकही कागद हरवायचा नाही, या हट्टाने मी ते फोल्डर केलं. रक्त, हृदय, डोळे असे कप्पे, फाइलच्या नावात आधी तारीख. घरच्या नऊ जणांच्या फोनवर ते दिसायचं. वहिनीने एकदा दोन कप्प्यांची सरमिसळ केली, तेव्हा मी चिडून सगळ्यांना फक्त पाहण्याची परवानगी ठेवली. वर फर्मान काढलं, ‘कागद ग्रुपवर टाकायचे नाहीत. काही असेल तर फोल्डरमधूनच परवानगी मागा.’ वहिनी म्हणाली, “बरं ताई.” आई तिच्याकडेच राहते, दवाखान्यात तीच नेते. तरी माझी अक्कल चालली ती इतकीच.

आज आई माझ्याकडे आली होती. न्हाणीघरात घसरली, डोकं आपटलं. इस्पितळात पोचेपर्यंत तिला गुंगी आली होती.

“रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी ऐटीत फोन पुढे केला. “नाही. सगळं इथे आहे.”

त्यांनी बोटाने वर सरकवलं. “शेवटचा कागद दोन महिन्यांपूर्वीचा. नंतर कुठे दाखवलं नाही?”

मला माहीत नव्हतं. आई डोळे उघडत नव्हती. स्कॅनमध्ये मेंदूशेजारी थोडा रक्तस्राव दिसला. “गोळी असेल तर तिचा असर उतरवायला औषध द्यावं लागेल,” बाई म्हणाल्या. “पण गोळी कोणती, शेवटची कधी घेतली, ते कळायला हवं. लवकर.”

वहिनी शाळेत शिक्षिका. फोन उचलेना. शाळेचा नंबर शोधायला मी मेलमध्ये तिचं नाव टाकलं, आणि तिची विनंती वर आली. आठ दिवसांपूर्वीची. ‘आईंच्या हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी नवीन गोळी सुरू झाली. कागद टाकायचाय, बदल करण्याची परवानगी द्या.’ मी ती पाहिली होती. थांबू दे थोडी, म्हणून तशीच ठेवली होती.

परवानगी देऊन मी तिच्या एका जुन्या मेलमधून शाळेचा नंबर काढला आणि फोन लावला. कारकून म्हणाले, “बाई परीक्षेच्या वर्गावर आहेत, फोन कपाटात.”

“त्यांना म्हणावं, आईला लागलंय. कागद आत्ता टाका. सकाळची गोळी कधी दिली तेही कळवा.”

सहा मिनिटं मी तेच फोल्डर पुन्हा पुन्हा उघडत राहिले. हृदयाच्या कप्प्यात फाइल उतरली. पाठोपाठ निरोप: ‘आठ वाजता दिली.’

डॉक्टरीणबाईंनी गोळीचं नाव वाचलं आणि परिचारिकेला औषध आणायला सांगितलं. “वेळेत कळलं,” त्या म्हणाल्या.

तासाभराने वहिनी धावत आली. आई तोवर नाव सांगू लागली होती. वहिनीने तिच्या कपाळावर हात ठेवला, मग माझ्याकडे वळली.

“फाइलचं नाव बरोबर दिलंय ना ताई? आधी तारीख, मग आई, मग हृदय. परवानगी मागितली त्याच दिवशी करून ठेवलं होतं.”

मला तिच्याकडे बघवेना.