ते शक्य नसल्यास

अण्णांनी उभ्या हयातीत एका मागणीचा अर्ज कधी लिहिला नाही. विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. माणसाने एकच गोष्ट मागितली की समोरचा नाही म्हणून मोकळा होतो, हे त्यांना तिथे पक्कं कळलं होतं. म्हणून शेवटी 'ते शक्य नसल्यास' असं लिहायचं आणि दुसरी मागणी जोडून द्यायची. गळक्या नळाच्या तक्रारीपासून लेकीच्या शाळाप्रवेशापर्यंत ही युक्ती कामी आली होती. त्यांची बायको म्हणायची, "ह्यांनी मला मागणी घातली तेव्हाही खाली पर्याय लिहिला असणार. मला दाखवला नाही एवढंच."

ती गेली आणि अण्णांनी कामांचा सपाटा लावला. बँक झाली, गॅसची जोडणी स्वतःच्या नावावर झाली, वाचनालयाचं सभासदत्व संपवलं, तिचा मोबाइल नंबर बंद केला, फोन पुसून कोरा करून दुरुस्तीवाल्याला देऊन टाकला. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला, हात रिकामे राहिले की त्यांना रडू यायचं, म्हणून ते हात रिकामे ठेवत नव्हते.

राहता राहिलं ते एक ऑनलाइन खातं. ती आपले फोटो-बिटो एका कंपनीकडे साठवायची आणि त्याचं भाडं दर महिन्याला अण्णांच्या कार्डावरून जायचं. अण्णांनी कंपनीच्या संकेतस्थळावर मृत खातेदारांसाठीची जागा शोधली, मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला आणि स्वतःचं ओळखपत्र जोडलं आणि घोटीव भाषेत पत्र लिहिलं. 'तरी माझ्या दिवंगत पत्नीच्या खात्यात मला प्रवेश देण्यात यावा. ते शक्य नसल्यास सदर खाते कायमचे बंद करण्यात यावे.'

वाचून बघितलं. एकही खाडाखोड नाही. पाठवून दिलं.

उत्तर आलं त्या दिवशी लेक चष्म्याच्या दुकानातून नेहमीच्या वेळी घरी आली. ती तिथे लोकांचे डोळे तपासायची. आई गेल्यापासून ती अण्णांकडेच राहत होती. आल्यावर चहा घ्यायचा आणि जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन, कानात इअरफोन घालून खिडकीशी बसायचं, हा तिचा नेम. गाणी ऐकत असेल, असं अण्णा धरून चालले होते.

"अण्णा, लॅपटॉपला काही केलंत का?"

"मी कशाला हात लावतोय?"

"आईचं खातं बाहेर फेकतंय मला. पासवर्ड मागतंय."

"हां, ते. तेच सांगणार होतो," अण्णा जरा ऐटीतच म्हणाले. "कंपनीचं उत्तर आलंय. प्रवेश देता येत नाही म्हणाले. पण आपली दुसरी मागणी मान्य केली. खातं कुलूपबंद केलंय, महिनाअखेर पुसून टाकतील. बघ, पर्याय ठेवला म्हणून काम झालं."

लेकीने लॅपटॉप बाजूला ठेवला.

"उघडं होतं ते," ती म्हणाली. "आई होती तेव्हापासून या लॅपटॉपवर उघडं होतं. मी रोज ऐकत होते."

"काय ऐकत होतीस?"

मग तिने सांगितलं. आईची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली होती, पेन धरवत नव्हतं. म्हणून आठवण ठेवायच्या गोष्टी ती फोनला बोलून ठेवायची. दूध सांगायचंय. पडदे धुवायला टाकायचेत. अमक्याचा फोन आला होता. अशा शेकडो आठवणी त्या खात्यात जाऊन बसल्या होत्या. त्यात विशेष काहीही नव्हतं. फक्त आवाज तिचा होता. एखाद्या रविवारी सगळं उतरवून घेऊ, असं म्हणत लेकीने ते पुढे ढकललं होतं, कारण उतरवून घेणं म्हणजे ती पुन्हा बोलणार नाही हे मान्य करणं.

"मला सांगायचंस तरी," अण्णा म्हणाले.

"तुम्ही विचारायचंत तरी. आईच्या वस्तूंना हात लावताना एकदा तरी मला विचारलंत?"

चोर आले नव्हते, आग लागली नव्हती. त्यांनी स्वतःच्या हाताने, शुद्ध भाषेत, दाखले जोडून तिचा आवाज पुसून टाका म्हणून विनंती केली होती.

ते तसेच टेबलाशी जाऊन बसले. मागे घेण्याचं पत्र लिहायला घेतलं. 'खाते बंद करण्याची विनंती मी मागे घेत आहे. ते शक्य नसल्यास' इथवर आले, आणि मागून लेकीचा हात पुढे आला. तिने पेन्सिलीने ते तीन शब्द खोडले.

"एकच मागा," ती म्हणाली. "आईला पुसू नका, एवढंच मागा."

अण्णांनी जन्मात पहिल्यांदा एका मागणीचा अर्ज पाठवला, जुन्या पत्राचा क्रमांक टाकून. उत्तर येईपर्यंत घरात दोघं भाड्याने राहायला आल्यासारखी वावरत होती. लेक जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. अण्णांना ओरडा चालला असता. हे गप्प राहणं त्यांच्या जिव्हारी लागत होतं.

उत्तर आलं. लिहिणारी बाई मृत खातेदारांचीच कामं बघणारी असावी, कारण पत्राची सुरुवात तिने सांत्वनाने केली होती आणि ते उसनं वाटत नव्हतं. खातं पुसणं थांबवलं आहे, ती म्हणत होती. परंतु नवरा असलात तरी आतला मजकूर तुम्हाला उघडून देता येत नाही, तो खातेदाराचा खाजगी मजकूर आहे. त्यासाठी कोर्टाचा आदेश लागेल. मात्र खातेदाराने हयातीत कुणाला विश्वासाची व्यक्ती म्हणून नेमलं असेल, तर त्या व्यक्तीकडे एक प्रवेश-किल्ली असेल. तिने किल्ली आणि मृत्यूचा दाखला पाठवल्यास प्रवेश मिळतो. असं कुणी नेमलं आहे का आणि कोण, हे आम्ही तुम्हाला सांगू शकत नाही. घरात विचारून पाहावे.

"तुझ्याकडे?" अण्णांनी विचारलं.

"नाही. तुमच्याकडे?"

"माझ्याकडे असती तर मी पत्र लिहिलं असतं का?"

"तुम्ही तरीही लिहिलं असतंत," लेक म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

आता विचारत फिरणं आलं. अण्णांना लेखी काहीही मागता यायचं, तोंडाने मात्र मीठसुद्धा मागता यायचं नाही. जेवताना ते नुसते मिठाकडे बघायचे आणि बायको पुढे सरकवायची. तरी ते गेले. तिच्या मैत्रिणीकडे गेले, शेजारणीकडे गेले, दवाखान्यातल्या नर्सकडे गेले. सगळ्यांनी चहा पाजला. किल्ली कुणाकडेच नव्हती.

राहिली अण्णांची थोरली बहीण. तिचं नाव दोघांनाही सुचलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. एक तर नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पडदा कुठला लावावा इथपासून डॉक्टर कुठला बरा इथपर्यंत त्या भांडायच्या, आणि भांडण अर्धवट राहिलं की दुसऱ्या दिवशी फोन करून पुरं करायच्या. दुसरं म्हणजे आत्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिच्याकडे गुपित असतं तर एव्हाना भाजीवाल्यालाही ठाऊक झालं असतं.

"विचारून तर बघू," लेक म्हणाली.

आत्याने दार उघडलं. दोघांना एकत्र पाहून काहीतरी ओळखलं असावं, कारण बसा म्हणायच्या आधीच ती म्हणाली, "काय हवंय?"

अण्णांनी खिशात हात घातला. कंपनीचं पत्र पुढे करायचं, म्हणजे बोलावं लागणार नाही, असा बेत होता. पण पत्र दुसऱ्या शर्टात राहिलं होतं.

"ताई," ते म्हणाले. "तिने तुझ्याकडे काही ठेवलंय का? असेल तर... मला दे. मला हवंय ते."

आत्या आत गेली. शिवणाच्या मशीनचं झाकण काढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चौघडी घातलेला एक छापील कागद होता. त्यावर आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ आणि खाली चौकोनी ठिपक्यांचं चित्र.

"ताई, अगं, इतके दिवस बोलली नाहीस?"

"ती म्हणाली, वन्सं, आपणहून देऊ नका. हे मागायला येतील. एकदा तरी त्यांना मागू द्या." आत्या खुर्चीत बसली. "सगळ्या जन्मात एवढी एकच गोष्ट पोटात ठेवली मी. पोट दुखायला लागलं होतं माझं."

"आणि मी बंद करायला सांगितलं होतं ते खातं," अण्णा म्हणाले. "थोडक्यात वाचलं."

आत्याचा चेहरा पांढरा पडला. "मला काय माहीत रे, तू एवढा झटपट असशील."

"पण तुला का दिली? मला का नाही?"

"मीही हेच विचारलं. म्हणाली, ह्यांना दिली तर फायलीत लावतील. पोरीला दिली तर ती एकटीच कुढत ऐकत बसेल. तुमच्याकडे दिली की चारचौघांना ऐकू जाईल." आत्याने पदराने नाक पुसलं. "बाई माझ्याशी आयुष्यभर भांडली, आणि विश्वास टाकायला तिला मीच सापडले."

लेक उठून आत्याच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली. एकटी ऐकत होते हे खरं होतं. ते आईला आधीच कळलं होतं.

अर्ज आत्याच्या नावाने गेला. किल्लीची ओळ लेकीने टाइप केली, दाखला अण्णांनी जोडला. मजकूर आत्याने सांगितला आणि अण्णांनी जसाच्या तसा लिहिला, 'माझी भावजय गेली, तिचं खातं मला उघडून द्या', आणि त्यात एकही शब्द शुद्ध केला नाही. कंपनीने तपासणी केली आणि आत्याला आत जायला नवीन पासवर्ड दिला.

आत्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. इअरफोन पिशवीतच राहिले. लेकीने आवाज मोठा केला आणि यादीतलं सगळ्यात शेवटचं, दवाखान्यात नेण्याच्या आदल्या आठवड्यातलं, तिनेही आजवर ऐकायचं टाळलेलं, सुरू केलं.

मागे पाण्याचा नळ चालू होता. मग तो बंद झाला.

"ह्यांच्या राखाडी स्वेटरचं खालून दुसरं बटण लोंबतंय. पडायच्या आत शिवून टाकायचं. सांगणार नाहीत ते, आपणच बघायला हवं."

एवढंच होतं. तिघांनीही अण्णांच्या स्वेटरकडे पाहिलं. खालून दुसऱ्या काजाशी नुसता दोरा होता.

"बटण कुठाय?" आत्याने विचारलं.

अण्णांनी पाकीट काढलं. नाण्यांच्या कप्प्यातून बटण काढून टेबलावर ठेवलं. ते कधी पडलं हे त्यांना ठाऊक होतं. कुणाला शिवून दे म्हणावं, हे तेवढं त्यांना ठाऊक नव्हतं.

"काढा स्वेटर," लेक म्हणाली. "मी शिवते."

"शीव," अण्णा म्हणाले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. "पण आधी ते पुन्हा ऐकव मला. ऐकवशील?"

लेकीने खुर्ची ओढून त्यांच्या खुर्चीला लावली, त्यांचा हात हातात घेतला आणि पुन्हा सुरू केलं.