पिवळ्या उजेडातली खोली

रामकिशनला एक खोड होती. एखादी नवी गोष्ट कळली, की ती चार जणांना सांगितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. आणि त्या वर्षी त्याला कळलेली नवी गोष्ट होती दिव्यांची.

कुरुंद्यात घराच्या मागल्या अंगाला त्यानं दोन खोल्या काढल्या होत्या. एक धाकट्या शिवकन्येला अभ्यासाला, कारण पोरगी डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणार होती. दुसरी निजायची, आणि तिचं पहिलं काम ठरलेलं होतं: थोरली पुजा दिवसात होती, पहिलं बाळंतपण माहेरी. प्लास्टर वाळलं, रंग झाला, राहिले फक्त दिवे. तेवढ्यासाठी तो वसमतला अशफाकच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "दोन्ही खोल्यांला पांढराधोप दे. पिवळा बल्ब नको. लोक म्हणतील, अजून जुन्याच जमान्यात हाय."

अशफाक मुळात वायरमन. गिऱ्हाइकाला शिकवल्याशिवाय माल द्यायचा नाही, हा त्याचा नियम. त्यानं काउंटरवरच्या बोर्डावर दोन एलईडी बल्ब लावले, दोन्ही नऊ वॅटचे. एक पांढरा पेटला, एक पिवळसर.

"वॅट तोच, उजेड जवळजवळ तेवढाच, रंग येगळा," तो म्हणाला. "खोक्यावर आकडा बघा रामकिशनभाऊ. साडेसहा हजार म्हंजे पांढरा, निळसर. तीन हजार म्हंजे पिवळा. आकडा मोठा म्हणून उजेड जास्त, असं काय न्हाई. पोरीच्या खोलीत पांढरा टाका. अक्षर ठळक दिसतंय, झोप येत न्हाई. पण निजायच्या खोलीत त्यो टाकला तर डोक्याला वाटतंय अजून दिवसच हाय, आन् झोप लागत न्हाई. तिथं पिवळा. डोळ्याला तकलीफ न्हाई."

"आन् पिवळ्याचा तोटा?"

"रंग बराबर कळत न्हाई. लुगडं घ्यायचं तर बाहीर नेऊन बघा."

रामकिशन हसला. हे त्याला कोण सांगणार? जन्म हळदीत गेलेला. पिवळ्या दिव्याखाली किडकी हळदसुद्धा सोन्यासारखी दिसते हे त्याला पोरपणापासून ठाऊक. हळद बघायची तर उन्हात, असं तो व्यापाऱ्यांनाच ऐकवायचा.

तर दिवे लागले. शिवकन्येच्या खोलीत दोन पांढऱ्या ट्यूब, निजायच्या खोलीत पिवळा बल्ब, आणि तिथल्याच कोपऱ्यातल्या न्हाणीत दुसरा पिवळा. पुढचे आठ दिवस रामकिशन पारावर साडेसहा हजार आणि तीन हजार यावरच बोलत होता. लोक कंटाळले. एकानं तर "मास्तर आले" म्हणून जागा करून दिली. पण दिवे खरंच चांगले निघाले. शिवकन्या तासन् तास बसायची, आणि पुजा माहेरी आल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाली, "अण्णा, या खोलीत कसं गार वाटतंय डोळ्याला." रामकिशनला मूठभर मांस चढलं.

पुजाला मुलगा झाला. दवाखान्यात, सुखरूप. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना नर्सबाईनं रामकिशनला बाजूला घेऊन सांगितलं, "आईचा रक्तगट 'ओ' आहे, बाळाचा 'बी', दोन्ही जुळत नाहीत. अशा लेकरांना कावीळ लवकर चढते. रोज खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात नेऊन बघा. पिवळं वाटलं, दूध ओढेना झालं, तर थांबू नका." रामकिशननं मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

घरी बायकोचा, चांगुणाबाईचा कायदा. बाळ-बाळंतिणीला बारा दिवस वारा लागू द्यायचा नाही. खिडकीवर जाड गोधडी ठोकली, दाराला पडदा. दिवसरात्र तो एकच पिवळा बल्ब. सकाळी न्हाणीत बाळाला बेसन आणि हळद चोळून आंघोळ, आणि हळद तरी कुठली, घरच्याच शेतातली. नर्सबाईचं बोलणं रामकिशननं एकदा काढलं, तर चांगुणाबाई म्हणाली, "मी दोन पोरी अशाच वाढवल्या. खिडकी उघडून लेकरू गारठवू काय?" मग त्यानंही विषय सोडला. बल्बखाली बाळ कसं दिसायचं म्हणता? गुलाबी, सोनेरी, बघत राहावं असं. जो यायचा तो म्हणायचा, काय तेज आहे.

पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला पुजा न्हाणीत होती, चांगुणाबाई चुलीपाशी शेक तयार करून राहिली होती. बाळ किरकिरलं म्हणून शिवकन्येनं उचललं आणि बोलत बोलत आपल्या खोलीत आणलं. ट्यूब लागलेल्याच होत्या. पोरगी जागीच थांबली.

तिनं बाळाचं कपाळ बोटानं दाबून सोडलं. बोटाखालची जागा पिवळी. छाती दाबली, पोट दाबलं, पोटरी दाबली. तळपायापर्यंत पिवळी. बाळानं क्षणभर डोळे उघडले, तर डोळ्यातलं पांढरंसुद्धा पिवळं.

"अण्णा, इकडं या." आवाज वेगळाच होता. रामकिशन आला. "याला कावीळ हाय. पायापर्यंत गेलीय. आत्ता दवाखान्यात न्यावं लागल."

रामकिशननं बघितलं. खरं सांगायचं तर त्यालाही दिसलं. पण तेवढ्यात चांगुणाबाई मागून आली, बाळ हिसकून पदराखाली घेतलं आणि बोलली, "वाऱ्यात काहून आणलं लेकरू? हळद लावतोत रोज, पिवळं दिसणार न्हाई तर काय हिरवं? आन् तुझ्या या मेल्या दिव्यात तर मी बी मढ्यासारखी दिसतेय." ती बाळाला घेऊन आत गेली. रामकिशन तिच्या मागं गेला, पिवळ्या बल्बखाली वाकून बघितलं. बाळ गुलाबी, झोपलेलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

"काय न्हाई," परत येऊन तो शिवकन्येला म्हणाला. "तुझ्या ट्यूबचा रंगच तसा हाय. निळसर."

"निळसर उजेडात पिवळं जास्त दिसत न्हाई अण्णा, हाय तेवढंच दिसतंय. आन् हळद डोळ्यात कशी जाईल?" ती थांबायला हवी होती, पण थांबली नाही. "तुमी हळदीचा भाव पिवळ्या बल्बाखाली ठरवू देता का कुणाला? मंग लेकरू काहून तिथं बघता?"

आता हे खरं होतं. शंभर टक्के खरं, आणि म्हणूनच झोंबलं. ज्या गोष्टीवर त्यानं गावाला शहाणं केलं, तीच त्याला सतरा वर्षांची पोरगी शिकवत होती. रामकिशनचा पारा चढला. "परीक्षा पास हो आधी, मंग डॉक्टरकी कर," तो म्हणाला. "आन् हे पुजाच्या कानावर घालायचं न्हाई. बाळंतिणीनं धसका घेतला तर दूध आटतंय. माझी आण हाय तुला."

शिवकन्या रडली, पण आण पाळली. दुसऱ्या दिवशी तिनं गोधडी काढायचा प्रयत्न केला, चांगुणाबाईनं हात धरला. त्या दिवशी बाळ फार झोपलं. शहाणं लेकरू, त्रास देत नाही, असं सगळे म्हणाले. सातव्या दिवशी सकाळी ते दूध ओढेना. रडलं ते बारीक, किनऱ्या आवाजात, आणि पाठीची कमान करून मान मागं टाकायला लागलं. तेव्हा मात्र रामकिशननंच गाडी बोलावली. अंगणात उन्हात आलं बाळ, आणि चांगुणाबाईच्या हातातला शेकाचा तवा खाली पडला.

नांदेडच्या दवाखान्यात बाळाचं रक्त बदललं. मग डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. रामकिशन काचेतून बघत उभा राहिला. न राहवून त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "खोलीत पांढरा दिवा असता तर लेकरू बरं झालं असतं काय?"

"घरच्या दिव्यानं कावीळ जात नसते," त्या म्हणाल्या. "हे दिवे वेगळे. पण पांढऱ्यात दिसली असती. दोन दिवस आधी आणलं असतं, तर एवढ्यावर गेलीच नसती."

दोन दिवस. रामकिशननं बोटं मोजली नाहीत, मोजायची गरज नव्हती.

बाळ जगलं. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. अंगानं भरलं, हसायला लागलं. तिसरा महिना सरताना पुजाच्या लक्षात आलं, की कुकरची शिट्टी झाली तरी ते दचकत नाही. पातेलं पडलं तरी नाही. परत नांदेड झालं. डोक्याला तारा लावून, बाळाला झोपवून तपासणी झाली. दोन्ही कान गेलेले. कावीळ कानाच्या नसेवर उतरली होती. मशीन लावून बघू, डॉक्टर म्हणाले, पण खात्री देता येत नाही.

घरी आल्यावर पुजा ओसरीवर बाळ मांडीवर घेऊन बसली. संध्याकाळचं ऊन अजून अंगणात होतं. ती रडत नव्हती. एकच गोष्ट घोळवत होती.

"एवढी माणसं घरात," ती म्हणाली. "पायापर्यंत पिवळं झालं लेकरू, आन् कुणालाच कसं दिसलं न्हाई? शिवा, तू तर ते शिकून राहिलीस. तुला बी दिसलं न्हाई?"

शिवकन्या भिंतीला टेकून उभी होती. तिनं बापाकडं बघितलंसुद्धा नाही.

"न्हाई दिसलं, ताई," ती म्हणाली. "माझं लक्ष पुस्तकात होतं."

पुजानं तोंड फिरवलं. "व्हय. तुझी परीक्षा," एवढंच म्हणाली ती, पण असं म्हणाली की शिवकन्येची मान खाली गेली.

रामकिशन दारात होता. गप्प बसला असता तर चाललं असतं. पोरीनं सगळं स्वतःवर घेतलं होतं, आणि चांगुणाबाईही जन्मात तोंड उघडणार नव्हती. त्याला लाज वाटली. आजवर कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली, आणि तिनंच त्याला पुढं ढकललं.

"तिला दिसलं होतं," तो म्हणाला. "पाचव्या दिवशी. तिच्या खोलीत, पांढऱ्या दिव्यात. तिनं मला सांगितलं, आत्ता न्या म्हणाली. मला बी दिसलं होतं पुजा. मीच म्हणलं, काय न्हाई. मीच आण घातली तिला."

पुजा उठली, त्याच्यापाशी आली, आणि बाळ त्याच्या हातात दिलं.

"मला काहून सांगता अण्णा?" ती म्हणाली. "त्याला सांगा."

रामकिशननं नातवाला छातीशी धरलं. कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. पहिल्यांदा हळू, मग मोठ्यानं, मग शेजारची माणसं अंगणात येऊन उभी राहिली एवढ्या मोठ्यानं. बाळ त्याच्या मिशा धरायला बघत होतं आणि हसत होतं.