सत्तावीस मिनिटं

सोमवारच्या बैठकीत ताईनं सगळ्यांपुढे एक कागद टाकला, तेव्हा धाकटीला वाटलं, सुट्ट्यांची यादी असेल. ती यादी असती तर बरं झालं असतं.

शाळेची पुस्तकं काढणारं ते छोटं प्रकाशन ताईचं. धाकटी तिची सख्खी बहीण, अठरा वर्षांपासून तिथली मुद्रितं तपासणारी. ताईच्या मेलपेटीत रोज इतकं येऊन पडे, की तिनं भाचीच्या मदतीनं एक सोय जोडून घेतली होती. दर आठवड्याला किती मेल आल्या, किती गेल्या, कोणी सर्वांत जास्त पाठवल्या आणि ताईनं कोणाला किती वेळात उत्तर दिलं, याचा अहवाल ती सोय आपोआप काढून देई.

"आठवड्यात चारशे बारा आल्या," ताई म्हणाली. "मी दिवसभर उत्तरंच देत बसते. पुस्तकं कधी वाचायची? हे आकडे बघून मी माझ्या सवयी बदलणार आहे. तुम्हीही आपापले बघा."

बाकीच्यांनी आकडे वाचले. धाकटीनं नावं वाचली. 'उत्तरासाठी लागलेला सरासरी वेळ' या रकान्यात चष्मिसच्या नावापुढे सहा मिनिटं होती. तिच्या स्वतःच्या नावापुढे एक दिवस सात तास.

चष्मिस म्हणजे आठ महिन्यांपूर्वी आलेली चित्रकार. एवढासा जीव, नाकापेक्षा चष्मा मोठा, आणि आल्या दिवसापासून ताईची लाडकी. सहावीच्या विज्ञानाच्या नव्या मालिकेची जबाबदारी कोणाच्या हाती द्यायची, हे ताईनं अजून ठरवलं नव्हतं. धाकटीनं मात्र ती मालिका मनातल्या मनात केव्हाच घरी नेऊन ठेवली होती. आता हा सहाचा आकडा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. घरी जाऊन तिनं पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही," आणि भांडी इतक्या जोरात घासली की तो दुसऱ्या खोलीत निघून गेला.

तिला हेवा वाटत होता, आणि आपल्याला हेवा वाटतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी ताईचा निम्मा बिछाना तिचा असायचा. आता ताईची सहा मिनिटंसुद्धा तिची नव्हती.

पण धाकटी रडत बसणाऱ्यांतली नव्हे. तिनं आपल्या जुन्या मेल उघडून पाहिल्या. ती आठवड्याला एकच मेल लिही, शनिवारी सकाळी, पण ती लांबलचक: सगळ्या चुका, सगळ्या शंका, मध्येच आईच्या तब्येतीचं, शेवटी एखादा टोमणा. तसल्या मेलला कोण चटकन उत्तर देणार? एका ओळीच्या प्रश्नाला मात्र ताई लगेच 'हो' किंवा 'चालेल' लिहून मोकळी होई. धाकटीनं युक्ती पकडली. ती लांब मेल बंद झाली आणि तिचे शंभरावर तुकडे झाले. 'पान चाळीस, स्वल्पविराम हवा ना?' 'शीर्षक ठळक?' 'कागद कालचाच?'

तीन आठवड्यांत तिच्या नावापुढचा आकडा नऊ मिनिटांवर आला. ती मनातून फुलली. आता चष्मिसला गाठायला तीनच मिनिटं कमी करायची होती.

चौथ्या सोमवारी ताईनं नवा कागद टाकला.

"पाचशे चाळीसवर गेल्या," ती म्हणाली. "कमी व्हायच्या तर वाढल्याच. म्हणून नियम केलाय. सर्वांत जास्त पाठवणाऱ्या पहिल्या तिघांच्या मेल आता थेट 'नंतर' या कप्प्यात जातील. तो मी अकराला आणि चारला उघडणार. मध्ये त्यांची घंटी वाजणार नाही."

पहिल्या तिघांत कुरियर कंपनीच्या सूचना होत्या, कागदाचा घाऊक व्यापारी होता आणि त्या दोघांच्याही वर, एकशे त्रेचाळीस मेल पाठवून, ताईची सख्खी बहीण होती.

"मला कप्प्यात टाकलंस?" धाकटीनं बैठकीनंतर विचारलं.

"नियम आकड्यांवर केलाय गं, माणसांवर नाही," ताई म्हणाली आणि पुढच्या फायलीकडे वळली.

चष्मिसच्या आठवड्याला बाराच मेल असत. ती आपली बाहेर, मोकळ्या हवेत. धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ओरडायचं कोणावर? आपल्याच पायावर आपणच धोंडा पाडून घेतला होता.

त्याच गुरुवारी ताई छापखान्यात गेली. पाचवीच्या विज्ञानाच्या प्लेटा एक वाजता यंत्रावर चढायच्या होत्या. यंत्रांच्या गडगडाटात तिथं कोणालाच फोन ऐकू येत नाही म्हणून ती तो बॅगेतच ठेवी. लॅपटॉप तेवढा समोर उघडा असे. इकडे धाकटी शेवटची पानं शेवटचं एकदा बघत होती. पान बहात्तरवर तिची पेन्सिल थांबली. शरीराच्या आतल्या अवयवांचं चित्र. यकृत माणसाच्या डाव्या बाजूला! नावांना जागा करायला चष्मिसनं चित्र आडवं उलटवलं होतं, आणि नावं नंतर टाकल्यामुळे ती सरळच दिसत होती. आरशातला माणूस छापायला निघाला होता.

बारा चौदाला धाकटीनं ताईला मेल केली. 'पान ७२. चित्र उलटं आहे. प्लेट थांबव.'

आणि मग तिला कळलं, की ही मेल कुठं जाऊन पडली असेल. चार वाजेपर्यंत तिथंच राहील. एकपासून पुस्तकं छापली जातील. आणि चूक? चूक चष्मिसची. धाकटीनं आपलं काम चोख केलं होतं, वेळेसकट पुरावा होता. सहावीची मालिका मग आपोआप कोणाकडे येईल, हे सांगायला अहवाल लागत नव्हता.

ती बसून राहिली. काचेपलीकडे चष्मिस डबा उघडत होती. चष्मा वाफेनं धुरकटला म्हणून तिनं तो ओढणीला पुसला, आणि चष्म्याशिवाय ती शाळेतल्या मुलीसारखी दिसली. धाकटीचा जळफळाट त्यानं काही कमी झाला नाही. पण हजारो पोरं यकृत चुकीच्या बाजूला शिकतील, आणि ते तिनं पाहिलेलं असेल. अठरा वर्षांत तिनं एक चुकीचा काना जाऊ दिला नव्हता.

ती उठली आणि पान चष्मिसपुढे ठेवलं.

"हे बघ."

चष्मिस पांढरी पडली. "अगं बाई! मी... आता?"

"तू मेल कर ताईला. तुझी पोचते." हे वाक्य म्हणायला धाकटीला फार जड गेलं.

बारा एकेचाळीसला मेल गेली. बारा त्रेचाळीसला उत्तर आलं: 'थांबवलं.'

संध्याकाळी ताई परत आली ती सरळ धाकटीच्या टेबलाशी. खुर्ची ओढून बसली.

"पोरीनं लिहिलं होतं, चूक माझी, पकडली तुमच्या बहिणीनं. चार वाजता कप्पा उघडला, तर तुझीही मेल होती. बारा चौदाची." ताईनं चष्मा काढला. "तुझी मेल मला दिसणार नाही, हे तुला माहीत होतं. तिची गेली बारा एकेचाळीसला. मधली सत्तावीस मिनिटं काय करत होतीस?"

धाकटीला कारणं सुचली. फोन लावत होते, पान पुन्हा तपासत होते. ताईनं कोणतंही मान्य केलं असतं.

"गप्प बसावं का, ते ठरवत होते," ती म्हणाली.

बाहेर कोणीतरी प्रिंटरमध्ये कागद भरत होतं, त्याची खरखर ऐकू येत होती. मालिका गेली, असं धाकटीनं मनाशी धरलं.

"लहानपणी माझी बाहुली तू विहिरीत टाकलीस," ताई म्हणाली, "तेव्हा कबूल करायला तुला तीन दिवस लागले होते."

मग ती उठली आणि खुर्ची जागेवर लावली. "सहावीची चित्रं तीच काढेल. पण प्लेट थांबवायचा अधिकार तुझा, मला न विचारता. आणि त्या एका ओळीच्या मेल बंद कर. ती लांबलचक पाठवत जा. ती मी रविवारी घरी, निवांत वाचायचे. म्हणून एक दिवस लागायचा."