कोंबाचा कडवटपणा आणि स्कूटरची किल्ली

आमच्या ह्यांचा जीव त्या स्कूटरमध्ये. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण किल्ली माझ्या हाती कधी लागली नाही. माहेरी मी भावाची स्कूटर खुशाल चालवायची, पण इथे बाजाराच्या पिशव्या उचलून पायपीट करायची. राग येणार नाही तर काय होणार!

रविवारी ह्यांना स्वयंपाकाची हुक्की आली. लोण्यात कच्चा लसूण ठेचून घातला, पावाला फासला आणि दोन घासांतच तोंड वाकडं केलं. कडू लागतंय म्हणाले. मी टोपली बघितली. लसणाला हिरवे कोंब आलेले, आणि ह्यांनी ते तसेच ठेचलेले. कच्चा खायचा तर पाकळी मधोमध चिरून कोंब काढायचा असतो, कारण तो कडवट लागतो. बाकी त्याने अपाय काही होत नाही, हे मी तिथल्या तिथे सांगितलं.

पण बायकोचं ऐकतील ते आमचे हे कसले! त्यांनी वन्संना फोन लावला. थोरल्या बहिणीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कोंब आलेलं खाल्लं की विषबाधा होते, असं वन्संनी ठणकावलं आणि फोन ठेवला.

झालं. हे सोफ्यावर आडवे. पोटात गोळा आलाय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, सगळं सुरू झालं. मी कोंब आलेला एक कांदा घेतला, बुरशी नाही, सडका वास नाही बघितलं, आणि हिरव्या पातीसकट चिरून ऑम्लेट केलं. ह्यांच्यासमोर बसून खायला लागले. वाटलं, आता तरी पटेल.

ह्यांचे डोळे भरून आले. माझ्यामागे राहायचं नाही म्हणून तूही खातेस का, असं विचारायला लागले. मी कपाळावर हात मारला.

मग ह्यांनी खिशात हात घातला.

"ही किल्ली तुला. तिला उन्हात उभी करू नकोस."

"अहो, तुम्हाला काहीही होत नाहीये."

"घे म्हणतो ना."

घेतली. जाणाऱ्या माणसाचं मन कशाला मोडा?

तेवढ्यात वन्संचा फोन आला. त्यांची गफलत झाली होती. हिरवे पडलेले, कोंब आलेले बटाटे खाऊ नयेत, असं त्यांनी ऐकलं होतं. कांदा-लसणाचं तसं काही नसतं.

हे ताडकन उठले. माझं उरलेलं ऑम्लेट संपवलं, तोंड पुसलं आणि हात पुढे केला.

"किल्ली."

"शेवटची इच्छा होती तुमची. मी नाही मोडायची."

पिशव्या उचलून मी खाली उतरले आणि स्कूटर सुरू केली. हे चपला घालत धावत आले, जरा घुटमळले. मग माझ्या पिशव्या घेतल्या, मुकाट्याने मागे बसले आणि त्या मांडीवर ठेवल्या.

"हळू चालव," एवढंच म्हणाले.