डब्याचा वास

बेकरीवालीने केशराची डबी गल्ल्यावर आपटली तेव्हा आजीच्या सुक्या मेव्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती. आजीला तेच जास्त झोंबलं.

"मावशी, हे केशर नाही. मलईत घातलं तर मलई लाल झाली, नववधूच्या ओठांसारखी. आणि वास? नावालाही नाही. पाहुण्यांसमोर माझं नाक कापलं गेलं. आणि उद्या केशराच्या केकची ऑर्डर आहे माझ्याकडे."

"तुझं नाक होतं कुठे कापायला?" आजी स्टुलावरून उठली. "तीस वर्षं मी या दुकानात केशर विकते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, नाकात नाही. तूच कांद्या-लसणाच्या फडताळात ठेवलं असशील, गेला वास! आणि बोलायला आली मला!"

तिने मागच्या कप्प्यातला मोठा पत्र्याचा डबा काढला. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी हा डबा उघडायचा, डोळे मिटून वास घ्यायचा आणि मगच चहा. आजही घेतला होता. झाकण काढून तिने तो बेकरीवालीच्या तोंडासमोर धरला.

"घे! हे काय, गवत आहे?"

बेकरीवालीने वास घेतला. थोडी गडबडली. वास होता, गोडसर, मधासारखा, मागे वाळलेल्या गवताचा. खराच होता.

"बोल की आता!"

"डब्यातून नको, मावशी. कागदावर काढा. पंखा बंद करा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या."

"दहा मिनिटं काय, तासभर ठेव!" आजीने कोरा पांढरा कागद पसरला आणि चिमूटभर काड्या त्यावर टाकल्या. गल्ल्यावर बसलेला तिचा मुलगा एकदम म्हणाला, "आई, कशाला तमाशा? त्यांना दुसरी डबी देऊ, विषय संपला."

आजीने त्याच्याकडे पाहिलं. हा मुलगा गिऱ्हाइकाशी दोन पैशांसाठी तासभर भांडणारा, आणि आज फुकट डबी?

"गप्प बस."

दहा मिनिटांनी आजीने कागद नाकाशी नेला. पुन्हा नेला. कागदाचा वास आला, फक्त कागदाचा. मग ती डब्याकडे वळली, काड्या सगळ्या कागदावर ओतल्या आणि रिकाम्या डब्यात नाक घातलं. आत केशर घमघमत होतं. वीस वर्षांचं खरं केशर पत्र्यात मुरलेलं. वास डब्याला होता, मालाला नव्हता. मुलगा माल आणायला लागल्यापासून तीन महिने ती रोज सकाळी डब्याचाच वास घेऊन मान डोलवत होती.

"भिंग दे," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि मुलाला तोच आवाज जास्त भिववायचा.

भिंगाखाली काड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीच्या. खऱ्या केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी फुलते. पेल्यात पाणी घेऊन दोन काड्या सोडल्या. खरी काडी सावकाश पिवळा रंग सोडते आणि स्वतः लालच राहते. इथे पाणी क्षणात लाल झालं आणि काड्या पांढऱ्याफट्ट पडल्या. मक्याच्या कणसाचे केस, रंगात बुडवलेले.

"कुठून आणलंस?"

"नवा व्यापारी आहे... निम्म्या भावात देत होता. म्हणाला, थेट मळ्यातून."

"निम्म्या भावात!" आता मात्र आजीचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "मूठभर केशरासाठी हजारो फुलं खुडायला लागतात, आणि तो तुला निम्म्यात देतो, तुझा सासरा लागतो का? आणि मी? 'काय हुशार पोरगा माझा, केवढं स्वस्त आणलं' म्हणून शेजारणींना सांगत फिरले! मलाच चपला मारायला हव्यात. आणखी काय घेतलंस त्याच्याकडून?"

मुलाने पिस्त्याच्या कापांच्या पिशवीकडे पाहिलं. आजीने कापांवर ओलं फडकं चोळलं. फडकं हिरवंगार. एक काप चावला. शेंगदाणा.

"उचल. सगळं मोरीत ओत, या गिऱ्हाइकांच्या देखत. केशर, काप, त्याने दिलेलं सगळं."

"आई, एवढा माल..."

"माल नाही तो. आणि तीन महिन्यांत ज्यांनी ज्यांनी नेलं त्यांच्या दारात जाऊन सांगायचं, तुझ्या तोंडाने. मी नाही येणार सांगायला."

मग ती बेकरीवालीकडे वळली. माफी मागायची सवय नव्हती.

"उद्या केक आहे ना तुझा? थांब इथे."

चप्पल घालून ती रस्ता ओलांडून समोरच्या केशरवाल्याच्या दुकानात गेली. वीस वर्षं ती त्याला गल्लीभर 'महागडा' म्हणत आली होती, कारण तो कधी एक पैसा सोडत नसे. त्याच्या पायरीवर तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं.

महागड्याने चष्मा वर केला. "आज इकडे कशी वाट वाकडी केलीत?"

"दोन ग्रॅम केशर. डब्यातून दाखवू नकोस, कागदावर काढ."

त्याने काढलं. भाव सांगितला. पूर्ण भाव. आजीने पैसे मोजले. आयुष्यात पहिल्यांदा तिने घासाघीस केली नव्हती. दहा मिनिटं ती त्याच्या दारात छाती फुगवून उभी राहिली, मग कागद नाकाशी नेला.

वास होता. तिला भयंकर राग आला.

"वजन नीट कर," ती खेकसली. "आणि हसू नकोस."